वरचा फोन काढून ठेव

सोमूअण्णांना भडकवायचं असेल तर फार कष्ट नकोत. त्यांच्या मॉडेमवर चहाचा कप ठेवा. एरवी देवमाणूस, पण तेवढ्यावर तोंडाचा असा पट्टा सुटायचा की राजारामपुरीच्या अकराव्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून दुसऱ्या गल्लीत जायची.

पूर्ण नाव सोमशेखर विरूपाक्ष पट्टणशेट्टी. घराणं मूळचं संकेश्वरकडचं, म्हणून घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी. खाली एक गाळा, वर दोन खोल्या. खाली अण्णांचं नेट कॅफे, वर अण्णा आणि त्यांची आई चन्नम्मा. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं की म्हणायचे, "लोकांची कनेक्शनं जोडण्यातच वेळ गेला हो पावणं, आपलं ऱ्हायलंच."

तसं ते खोटंही नव्हतं. ब्याण्णव साली विरूपाक्षअप्पांनी याच गाळ्यात एसटीडी बूथ काढला होता. पिवळी पाटी, काचेची खोली, आत छोटा पंखा. रात्री नऊनंतर दर उतरायचे तेव्हा बाहेर रांग लागायची. सोमशेखर तेव्हा बी. कॉम. झालेला, मीटरवर बसायचा. काचेच्या आत कुणी रडायचं, कुणी हसायचं, कुणी नुसतंच "बोल की, बोल की" म्हणून ओरडायचं, आणि हा बाहेर सेकंद मोजत बसायचा. मुंबईहून पोरगा झाल्याची बातमी असो नाहीतर पुण्याहून मयताची, सगळी याच्या डोळ्यांदेखत, आणि काचेपलीकडून. त्याच काळात वर आईसाठी त्याच लाईनीवर, त्याच नंबरचा एक जोडफोन बसवला. खांबावरून येणारी वायर आधी वर जायची, मग जिन्याच्या कडेनं खाली यायची. ही वायर लक्षात ठेवा. पुढचं सगळं पाप तिचंच.

आणि एक सवय लक्षात ठेवा. अप्पा सकाळी लिंगपूजेला बसायचे तेव्हा चन्नम्माला हाक मारायचे, "फोन काढून ठेव गं." म्हणजे रिसीव्हर उचलून बाजूला ठेव, पूजेत घंटी नको. दहा-बारा वर्षं रोज सकाळी ही हाक. अप्पा गेले, पण म्हातारीच्या कानातली हाक काही गेली नाही.

मोबाईल आले आणि बूथ बसला. अण्णांनी काचेची खोली मोडली, तिथं सहा कॉम्प्युटर मांडले. आधी टेलिफोनवरून किरकिरत लागणारं नेट, मग दोन हजार सहाला ब्रॉडबँड. त्याच सुमारास एक नवीन प्रकार सुरू झाला. पोरंपोरी नोकरीच्या मुलाखती कॅमेऱ्यावर द्यायला लागली. साहेब बेंगळुरूत, पोरगं राजारामपुरीत. अण्णांच्या कॅफेत अशी पहिली मुलाखत झाली ती एका पोराची, आणि ती साफ बुडाली. कारण शेजारच्या खुर्चीवरचा गडी पिक्चर उतरवून घेत होता. नोकरी मागणाऱ्या पोराचं तोंड पडद्यावर अर्ध्यात गोठलं, डोळे मिटलेले, ओठ वाकडे. साहेबांना वाटलं पोरगं पिऊन आलंय.

अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. मॉनिटरच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, जाड स्केचपेननं वर लिहिलं, "मुलाखतीआधीचा एक तास", आणि खाली पहिली ओळ घातली: बाकीची मशीनं बंद, नुसता पडदा नाही, मशीनच. पुढं जो जो दणका बसला त्याची एकेक ओळ वाढत गेली. एकदा इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिला आणि मॉडेम मात्र भिंतीच्या साध्या प्लगवर, म्हणजे लाईट गेल्यावर पडदा झगझगीत आणि नेट गुल. ओळ वाढली: मॉडेमसुद्धा इन्व्हर्टरवर. एकाच्या खिशातल्या मोबाईलनं स्पीकरमध्ये टिर्र टिर्र लावली. ओळ वाढली: मोबाईल बाहेर. एका पोरीच्या कॉम्प्युटरनं ऐन मुलाखतीत स्वतःला सुधारून घ्यायचं ठरवलं, अपडेट म्हणे. ओळ वाढली. एकजण घाबरून मधेच उठला आणि धावत सुटला, कुठं ते सांगायला नको. शेवटून दुसरी ओळ: लघवीला जाऊन या.

हसू नका. त्या पुठ्ठ्यावर तीन वर्षांत अकरा मुलाखती पार पडल्या आणि सात पोरं नोकरीला लागली. प्रत्येक वेळी अण्णा पुठ्ठा खुंटीवरून काढायचे, एकेक ओळ म्हणायचे, काम करायचे आणि पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचे. पुढच्या वेळी खुणा खोडरबरानं पुसायच्या. पुठ्ठा पार काळवंडला होता. पेढे आले की पहिला पेढा पुठ्ठ्यापुढं ठेवायचे, मग आईला.

दोन हजार नऊचा मार्च. सगळीकडं मंदी. अमेरिकेत कुठल्या बँका बुडाल्या म्हणून गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आठवड्यातून तीन दिवस भट्टी बंद. त्या फाउंड्रीत धोंडीराम कांबळे मोल्डिंगला होते, राहणार गडमुडशिंगी. बूथच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. भाऊ मुंबईला म्हणून दर रविवारी फोनला यायचे. आत शिरताना धोंडीराम "जयभीम अण्णा" म्हणायचे आणि अण्णा "शरणु, शरणु" म्हणायचे. सतरा वर्षांत दोघांनी आपापला नमस्कार बदलला नाही आणि दोघांचंही कधी अडलं नाही.

त्यांची मुलगी संघप्रिया. एम. सी. ए. पहिल्या वर्गात पास. कॉलेजात कंपनी आली होती, नेमणुकीचं पत्रही दिलं होतं. फेब्रुवारीत त्याच कंपनीचं दुसरं पत्र आलं, परिस्थिती पाहता नेमणूक रद्द. पोरगी आठ दिवस घराबाहेर पडली नाही. मग तिनं चाळीस ठिकाणी अर्ज टाकले, अण्णांच्याच कॅफेतून. एकोणचाळीस ठिकाणं गप्प. चाळिसाव्यानं बोलावलं. बेंगळुरूची कंपनी, सॉफ्टवेअर तपासायचं काम, जागा एक. लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता कॅमेऱ्यावर मुलाखत, मंगळवारी साडेअकराला, तिघं साहेब, त्यातला एक सिंगापुरात. त्याच दिवशी निकाल लावून टाकणार होते.

"अण्णा, ही एक गाडी सुटली की मग काय न्हाय बघा," धोंडीराम म्हणाले. "तिच्या मामानं लग्नाला जागा बघितलीया. मे महिन्यात उरकून टाकूया म्हणतोय. तिला न्हाय करायचं एवढ्यात. मी तरी किती दिवस थोपवू? भट्टी बंद, घरात बसलोय, माझा शब्द कोण ऐकतंय?"

"धोंडीराम," अण्णा म्हणाले, "पुठ्ठा हाय की आपला."

आता मंगळवारचं ऐका.

साडेनऊलाच बापलेक दारात. संघप्रियानं आकाशी कुडता घातलेला, केस घट्ट बांधलेले, हातात फाईल. धोंडीरामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, जणू मुलाखत त्यांचीच. अण्णांनी गिऱ्हाइकांना दाराबाहेरूनच परत पाठवलं. "आज बंद. दुपारी या. व्हय, दहावीचा फॉर्म असला तरी दुपारी." आणि साडेदहाला पुठ्ठा खुंटीवरून उतरला.

सुरुवातच आडवी झाली. पेपरात लोडशेडिंगचं वेळापत्रक दुपारी दोनचं होतं, ते बदलून सकाळी अकरा ते एक केल्याचं शेजारच्या गिरणीवाल्या आकारामनं येऊन सांगितलं. अण्णांनी इन्व्हर्टरचं झाकण काढलं. बॅटरीत पाणी कमी. आकारामच्या स्कूटरवरून तडक जाऊन बॅटरीचं पाणी आणलं, भरलं, तासभर चार्ज राहील का नाही त्याचा हिशेब केला. एक कॉम्प्युटर, एक मॉडेम, बास. पंखासुद्धा नको. या धावपळीत पंधरा मिनिटं गेली. अण्णांच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती.

"घाबरायचं न्हाय," ते म्हणाले, पण कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

मग मात्र भराभर. पाच मशीनं बंद, त्यांच्या वायरीसुद्धा मॉडेमकडून काढल्या. सहाव्याला केबल थेट मॉडेममध्ये. हवेतलं नेट, म्हणजे वायफाय, नको, भिंतीपलीकडं कोण काय लावेल याचा नेम नाही. मॉडेम एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू केला. "हे आत्ताच करायचं," अण्णा पोरीला सांगत होते, "ऐनवेळी करायचं न्हाय. दिवा लुकलुकतो, मग थांबतो. थांबला की लाईन जुळली. जुळल्यावर त्याला हात लावायचा न्हाय." दिवा थांबला. हिरवा, गच्च. मग काळ्या खिडकीत त्यांनी पिंग लावलं. शंभर हाका मारायच्या आणि किती उत्तरं येतात ते मोजायचं. शंभरला शंभर आली. उत्तर यायला लागणारा वेळही सारखाच, वरखाली नाही. संघप्रियाला हे सगळं त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं, पण ती मान डोलवत राहिली. अण्णांचा आवाज चालू आहे तोवर तिला बरं वाटत होतं.

अपडेट बंद. बाकीच्या खिडक्या बंद. हेडफोन लावून पुण्यातल्या मैत्रिणीला तिनं पाच मिनिटं कॉल लावला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. "खिडकीकडं तोंड करून बस," मैत्रीण म्हणाली, "मागून उजेड येतोय, भूत दिसतीयस." खुर्ची फिरवली. कॉल तुटला तर कोण कुणाला लावणार हे कंपनीला आधीच विचारून ठेवलं होतं: ते लावणार. कंपनीच्या बाईंचा नंबर कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवला, कारण नेट गेल्यावर मेलमधला नंबर काय कामाचा? आणि दुसरा नंबर म्हणून कंपनीच्या अर्जात कॅफेचा लँडलाईन दिला होता. धोंडीरामांच्या घरी एकच मोबाईल आणि गाळ्यात त्याला रेंज कधी असायची, कधी नसायची. खालच्या फोनला ती छोटी डबी लावलेली होती, जी नेट आणि बोलणं वेगळं करते. त्यामुळं नेट चालू असताना फोनही वाजला असता, काही बिघडलं नसतं.

अकराला ठरल्याप्रमाणं लाईट गेली. इन्व्हर्टरनं एक हुंकार दिला आणि पडदा हललासुद्धा नाही. धोंडीरामांनी बाकावरून हात जोडले, इन्व्हर्टरलाच.

राहिली शेवटची ओळ. वरचा फोन.

वरच्या फोनला ती डबी नव्हती. होती एकेकाळी, दोन पावसाळ्यांपूर्वी वीज कडाडली तेव्हा जळली. आणतो आणतो म्हणत अण्णांनी आणली नाही. ते दर मुलाखतीला स्वतः वर जायचे, आईच्या खाटेमागं वाकायचे, भिंतीतली पिन उपटायचे, खाली यायचे आणि खूण करायचे. कारण डबीशिवायचा फोन कुणी उचलला की खाली नेटचं वाटोळं. पुठ्ठ्यावर मात्र एवढंच लिहिलेलं: वरचा फोन काढणे.

सव्वाअकरा झाले होते. गुडघे दुखत होते, स्कूटरवरून धावपळ झाली होती, पोरीनं "अण्णा, कॅमेरा नीट हाय न्हवं?" म्हणून हाक मारली होती. अण्णा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि वर ओरडले, "अव्वाऽ, वरचा फोन काढून ठेव गंऽ!"

"आयतु!" वरून आवाज आला. आयतु म्हणजे झालं.

झालं म्हणजे झालं. अण्णांनी खूण केली. पुठ्ठा भरला.

साडेअकराला कॉल आला. बरोबर साडेअकराला. पडद्यावर तीन चौकोन, तीन चेहरे. अण्णा आणि धोंडीराम दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले, काचेतून पाठमोरी पोरगी दिसत होती. तिचा आवाज येत होता, इंग्रजी, स्वच्छ, न अडखळता. धोंडीरामांना इंग्रजी कळत नव्हतं, पण लय कळत होती.

"बोलतीय," ते कुजबुजले. "बोलतीय बघा अण्णा!"

"बोलणारच की."

दोन मिनिटं. तीन मिनिटं. आणि मग पोरीनं एकच वाक्य दोनदा म्हटलं. मग "हॅलो?" मग परत "हॅलो, सर?"

अण्णा उठले. काचेतून मॉडेम दिसत होता. हिरवा दिवा लुकलुकत होता.

ते तसेच आत गेले. इन्व्हर्टर बघितला, चालू. केबल दाबून बघितली, गच्च. पाच मशीनं, मेलेली. दिवा मिनिटभर लुकलुकला, मग थांबला. कॉल परत आला. साहेब काहीतरी म्हणाले, अर्धं आलं, अर्धं गेलं. संघप्रियानं "सर, मी व्हिडिओ बंद करते, आवाज तरी येईल" असं इंग्रजीत सांगितलं. ती अक्कल पुठ्ठ्यावर होतीच, पण तिला स्वतःलाच सुचली. आवाज आला, वाक्यभर आला. आणि दिवा परत लुकलुकला.

चार वेळा असं झालं. चारही वेळा अण्णा त्या एवढ्याशा गाळ्यात इकडून तिकडं, तिकडून इकडं. पुठ्ठा हातात घेऊन ओळ न् ओळ परत बघितली. लाईट, बरोबर. मॉडेम, बरोबर. केबल, बरोबर. अपडेट, मोबाईल, फोन, सगळ्यापुढं खूण. एका तरी ओळीपुढं खूण नसती तर माणूस तिथं धावला असता. सगळंच बरोबर असल्यावर धावायचं कुठं?

पाचव्यांदा लाईन आली तेव्हा पडद्यावर फक्त लिहिलेलं आलं. आवाज फार खराब आहे, आम्ही तुमच्या दुसऱ्या नंबरवर फोन करतो. आणि लाईन गेली.

"फोनवर घेणार हायत," संघप्रिया म्हणाली. तिनं हेडफोन काढला. ती टेबलावरच्या लँडलाईनपुढं येऊन बसली, फाईल मांडीवर, वही उघडून. धोंडीराम तिच्या मागं उभे राहिले. अण्णा बाजूला.

फोन वाजेना.

पावणेबारा. दहा कमी बारा. अण्णांनी स्वतःचा मोबाईल घेऊन गल्लीत चार पावलं टाकली, रेंज सापडली, चिकटवलेल्या कागदावरच्या नंबरला फोन केला. कंपनीच्या बाई फार गोड बोलल्या. "सर, दे आर ट्राइंग युवर नंबर. प्लीज कीप दॅट लाईन फ्री." अण्णांनी आपला मोबाईल नंबर सांगायला सुरुवात केली, पाच आकडे सांगून झाले आणि रेंज गेली. परत लावला, एंगेज. परत, एंगेज.

आत आले. "लावाय लागल्यात म्हणं. लाईन मोकळी ठेवा म्हणं."

"मोकळीच हाय की," धोंडीराम म्हणाले.

"दुसऱ्या कॅफेत जाऊया का? बाराव्या गल्लीत..." संघप्रियानं विचारलं.

"तिथं पण लाईट न्हाय. आणि आपण गेलो न् हितं फोन वाजला तर?"

खरंच होतं ते. ती बसली. तिघं फोनकडं बघत बसले. अण्णांना एकदा वाटलं, रिसीव्हर उचलून नुसतं ऐकावं, लाईनीत जीव आहे का नाही. हात पुढं गेलासुद्धा. पण पुठ्ठ्यावर त्यांच्याच मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, मुलाखत चालू असताना फोनला हात लावायचा नाही. आणि उचलला, नेमका त्याच क्षणाला साहेबांनी लावला, त्यांना एंगेज लागला तर? पोरीचं नशीब आपल्या हातानं कापलं असं व्हायला नको. त्यांनी हात मागं घेतला, दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

बारा वाजले. वर चन्नम्माच्या कुकरची शिट्टी झाली. संघप्रियाचे ओठ हलत होते, पाठ केलेली उत्तरं असावीत. सव्वाबाराला ते थांबले. तिनं वही मिटली.

"साडेबाराला त्यांचा दुसरा उमेदवार हाय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. धोंडीरामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला, कुठं ठेवावा कळेना.

बारा पस्तीसला अण्णांनी रिसीव्हर उचलला.

डायलटोन नव्हता. कानात आधी नुसती पोकळी. मग टिकटिक. भिंतीवरच्या घड्याळाची. हे घड्याळ ओळखीचं होतं. मग भांड्याचा आवाज, मग बांगड्या. आणि मग अगदी जवळून, जणू कानाशी तोंड लावून, त्यांच्या आईचा आवाज, अर्धा कानडी, अर्धा मराठी, देवाशी भांडत असल्यासारखा: "बसवण्णा, त्या पोरीचं बघ रे अप्पा. धोंडीरामची पोरगी. लई गुणाची. एवढी नोकरी लागू दे तिला. मी काय दुसरं मागितलंय तुझ्याकडं?"

अण्णा रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. संघप्रियानं त्यांच्याकडं बघितलं, मग फोनकडं, मग भिंतीवरून जिन्याकडं जाणाऱ्या त्या जुन्या वायरीकडं. तिचे डोळे वायरीबरोबर पायरी पायरी वर चढत गेले.

अण्णांनी रिसीव्हर ठेवला आणि जिना चढले. आज गुडघे दुखले नाहीत. वर देवळीखाली पाटावर टॉवेलाची नीट घडी, आणि त्या घडीवर रिसीव्हर निजवलेला. अप्पांच्या पूजेच्या वेळी ठेवायची तसाच. पिन भिंतीत जिथल्या तिथं.

"अव्वा," अण्णा म्हणाले.

"तूच म्हणालास की, काढून ठेव," म्हातारी खूश होती. "आयतु म्हणाले तेव्हा तांदूळ निवडत होते, ते झाले आणि लगेच फोन काढला. आधी लई कोंकललं ते, मग गप बसलं. झाली का रे मुलाखत? थांब, साखर देऊन येते पोरीला."

"काढून ठेव म्हणजे पिन काढ" असं सांगायला सतरा वर्षं उशीर झाला होता. डबीशिवायचा फोन तासभर उचललेला, म्हणजे खाली नेट तुटणारच, आणि बेंगळुरूहून कितीही वेळा लावा, एंगेजच लागणार. दोन्ही दोर एकाच हातानं कापले गेले होते, आणि तो हात साखरेची वाटी घेऊन जिना उतरत होता.

"अव्वा, नको जाऊस खाली," ते म्हणाले. पण इतकं हळू म्हणाले की त्यांनाच ऐकू आलं नाही.

चन्नम्मा एकेक पायरी धरून खाली आली. पोरीपुढं वाटी धरली. "घे गं बाळ. अगदी बिनघोर झाली न्हवं मुलाखत? मी फोन काढूनच ठेवलेला. एकदासुद्धा वाजू दिला न्हाय."

जिन्यात अण्णांनी डोळे मिटले.

संघप्रिया वाटीकडं बघत राहिली. सगळं कळलं होतं तिला, पहिल्या वर्गाची पोरगी. धोंडीरामांना काही कळलं नव्हतं, ते नुसतं तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं चिमूटभर साखर घेतली, तोंडात टाकली. वाकून म्हातारीच्या पाया पडली.

"व्हय अज्जी," ती म्हणाली. "एकदासुद्धा वाजला न्हाय."

दुपारी अण्णांनी कंपनीला तीन फोन केले, दोन मेल लिहिले, चूक आमची, पोरीची नव्हे, असं बोटं दुखेपर्यंत लिहिलं. संध्याकाळी चार ओळींचं उत्तर आलं. जागा भरली आहे, तुमचा अर्ज जपून ठेवू, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. त्यांनी ते छापलं आणि सायकल मारत गडमुडशिंगीला नेऊन दिलं. मेलनंच कळवता आलं असतं, पण तेवढं तरी हातानं करावं म्हणून गेले. धोंडीरामांनी कागद घेतला, पाणी दिलं, "तुमी तरी काय करणार अण्णा," म्हणाले. याच्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मे महिन्यात पोरीचं लग्न झालं, आजऱ्याकडं. अण्णा अक्षता टाकायला गेले. पोरगी हसून बोलली. तिनं विचारलं, "पुठ्ठा हाय न्हवं अजून?" अण्णांनी मान हलवली. होता. शेवटची ओळ त्यांनी खोडून नवीन लिहिली होती: वरच्या फोनची पिन उपटणे, स्वतः जाऊन, डोळ्यांनी बघून. डबीही आणली, दुसऱ्याच दिवशी. दुकानदारानं कागदात गुंडाळून दिली, बोटाएवढी वस्तू.

आईला त्यांनी कधीच सांगितलं नाही. म्हातारी अजून वर असते. खाली फोन वाजला की तिच्या खाटेशेजारचाही वाजतो, आता नीट, नेटला धक्का न लावता. ती उचलत नाही. जिन्यापर्यंत येते आणि वरून विचारते, "सोमू, त्या पोरीच्या नोकरीचा का रे?"

अण्णा खालून म्हणतात, "न्हाय अव्वा. दुसराच कुणीतरी हाय."